लिटरचा भाव विचारा!

दुधाचा लिटरचा भाव घराघरात पाठ असतो. पेट्रोलचा तर दशांशासकट. पिण्याच्या पाण्याचा विचारला, की उत्तर येतं, "आमच्याकडे चौदा हजारांचं मशीन आहे." चौदा हजार मशीनचे झाले. पाण्याचे किती?

हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि विकणाऱ्याचं त्यावरच फावतं. दुकानात घासाघीस होते ती मशीनवर. पाचशे रुपये सुटले म्हणून माणूस खूश होऊन घरी येतो. पुढची सात वर्षं कँडल, कार्ट्रिज, मेम्ब्रेन आणि सर्व्हिसची बिलं तो एकेक करून भरतो आणि त्यांची बेरीज कधीच करत नाही. ती बेरीज आज करू.

चार माणसांचं घर धरा. पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून दिवसाला दहा लिटर, म्हणजे वर्षाला ३,६५० लिटर. घरात आरओ आहे, किंमत १४,००० रुपये. सात वर्षं चाललं, तर वर्षाला २,००० रुपये मशीनचे. आता फिल्टर. गाळ अडवणारं सेडिमेंट आणि क्लोरिन शोषणारं कार्बन, हा जोड वर्षातून एकदा बदलावा लागतो. त्याचे १,६०० धरा. मेम्ब्रेन २,४०० रुपयांची आणि दोन वर्षांनी बदलायची, म्हणून वर्षाला १,२००. यूव्हीचा दिवा, मशीनबाहेरच्या डब्यातली पांढरी स्पन कँडल आणि सर्व्हिसवाल्याच्या फेऱ्या यांचे मिळून आणखी १,२००. फिल्टरचा एकूण खर्च वर्षाला ४,००० रुपये.

राहिली वीज. घरगुती आरओ तासाला साधारण पंधरा लिटर पाणी देतो आणि पन्नास-साठ वॉट खातो. दहा लिटरला चाळीस मिनिटं. वर्षाची वीज पंधरा युनिटच्या आत बसते, दीडशे रुपये पुरे. सगळे मिळून ६,१५० रुपये. भागिले ३,६५०. लिटरला सुमारे १ रुपया ७० पैसे.

या १ रुपया ७० पैशांची फोड बघा. मशीनचे ५५ पैसे. विजेचे चार पैसे. उरलेले १ रुपया १० पैसे फिल्टरचे आणि सर्व्हिसचे. सात वर्षांत मशीनवर १४,००० गेले आणि फिल्टरवर २८,०००. ज्यावर घासाघीस केली ते स्वस्त होतं. ज्याचा भाव विचारलाच नाही ते दुप्पट महाग पडलं. माझे आकडे आजच्या बाजाराच्या आसपासचे आहेत. तुमचे वेगळे असतील, तर तुमच्या बिलातले घाला. प्रमाण फारसं हलणार नाही.

आता हे पाणी बाटलीशेजारी ठेवू. एक लिटरची बाटली वीस रुपयांना धरू. २२ सप्टेंबर २०२५पासून बाटलीबंद पाण्यावरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. रेल्वेने आपलं 'रेल नीर' पंधराचं चौदा रुपये केलं. चौदा धरले तरी घरच्या आरओच्या आठपट होतात. वीस धरले, तर तीनशे आठ बाटल्यांत अख्ख्या घराचा वर्षाचा आरओ निघतो. घरातलं एक माणूस कामाच्या दिवशी रोज एक बाटली विकत घेत असेल, तर ते एकटं वर्षाला सहा हजार रुपये खर्च करतं. तेवढ्यात चौघं वर्षभर पाणी पितात आणि त्यांची आमटीही शिजते. घरून पाण्याची बाटली भरून नेणं हा कंजूषपणा आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही दोन वाक्यं परत वाचावीत.

लग्नातल्या पाव लिटरच्या आतल्या बाटल्या तर याहून महाग. दोनशे मिलिलिटरची बाटली घाऊक पाच रुपयांना पडली, तर लिटर झाला पंचवीसचा. पाचशे पाहुणे आणि माणशी दोन बाटल्या, म्हणजे दोनशे लिटर पाण्याचे पाच हजार रुपये. निम्म्या बाटल्या अर्ध्या पिऊन खुर्चीखाली सोडलेल्या असतात, तेव्हा पोटात गेलेल्या पाण्याचा खरा भाव पंचविसाच्याही बराच वर जातो.

बाटलीविरुद्ध आरओ ही लढत अशी एकतर्फी आहे. खरी लढत वीस लिटरच्या जारशी आहे, आणि तिथे निकाल घरागणिक बदलतो.

गल्लीतला जार चाळीस रुपयांना येतो. लिटर दोन रुपयांना पडला. नावाजलेल्या कंपनीचा सीलबंद जार नव्वदच्या आसपास, म्हणजे लिटर साडेचार रुपयांना. चौघांच्या घरात आरओ १ रुपया ७० पैशांना होता; तो दोन्ही जारांपेक्षा स्वस्त. पण त्याच घरातली मुलं शिकायला बाहेर पडली आणि मागे दोघं राहिली. वापर दिवसाला चार लिटरवर आला, वर्षाला १,४६०. मशीनचे दोन हजार तेवढेच. फिल्टरचे चार हजारही जवळपास तेवढेच, कारण एएमसी वर्षाची असते, लिटरची नसते. शिवाय ओलं कार्बन वर्षभर पडून राहिलं, तर कमी वापरलं म्हणून ते ताजं राहत नाही. त्यात जंतू वाढतात. ते वेळेवर बदलावंच लागतं. हिशेब झाला लिटरला ४ रुपये १५ पैसे. तेच मशीन, तेच नळाचं पाणी, आणि भाव अडीचपट.

म्हणजे लिटरचा भाव मशीनच्या खोक्यावर छापलेला नसतो. तो तुम्ही किती लिटर काढता त्यावर ठरतो. या आरओला चाळीसच्या जारपेक्षा स्वस्त पडायचं असेल, तर वर्षाला तीन हजार लिटरच्या वर, दिवसाला आठ-साडेआठ लिटर पाणी काढावं लागतं. नव्वदच्या जारपेक्षा स्वस्त पडायला दिवसाला चार लिटरही पुरतात. गावोगावच्या आरओ प्लांटवर पाच-दहा रुपयांत वीस लिटर पाणी परवडतं, त्यालाही हेच कारण. त्यांची मेम्ब्रेन दिवसभर कामाला असते. तुमची तेवीस तास बसून असते.

चाळीसचा जार दोन रुपये लिटर पडतो म्हणून लगेच जारवाल्याला फोन करू नका. ज्या जारला सील नाही, आयएसआयचं चिन्ह नाही, त्याखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक नाही, तो जार म्हणजे बहुधा कुणीतरी, कुठूनतरी, कसंतरी गाळून थंड केलेलं पाणी. बाटलीबंद पाण्याचं भारतीय मानक आहे, आयएस १४५४३. त्यात पाण्याच्या तपासण्या नेमून दिलेल्या आहेत. जारवरचा क्रमांक बीआयएस केअर या अॅपवर टाकला, की परवाना कुणाचा आणि चालू आहे की नाही ते दिसतं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. बिनचिन्हाच्या जारची तुलना आरओशी करायचीच नाही. तिथे भाव वेगळा आहे कारण माल वेगळा आहे.

आता सगळ्यात मोठा पैसा कुठे वाचतो ते सांगतो. अनेक घरांना आरओ लागतच नाही.

आरओ पाण्यात विरघळलेले क्षार काढतो. क्षार जास्त असतील, तर तो हवाच. भारतीय पेयजल मानक, आयएस १०५००, पाण्यातल्या एकूण विरघळलेल्या पदार्थांची, म्हणजे टीडीएसची, स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम सांगतं. मुंबईला भातसा-तानसा-वैतरणेचं आणि पुण्याला खडकवासल्याचं पाणी येतं. सह्याद्रीच्या पावसाचं हे पाणी क्षारांनी हलकं असतं. टीडीएस या मर्यादेच्या कितीतरी खाली. त्यातून क्षार काढायचे म्हणजे जे नाही ते काढायला पैसे द्यायचे. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं, की ५००च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओला बंदी घाला. अशा पाण्यात भीती असते ती जंतूंची, आणि त्यांना यूव्ही पुरतो.

यूव्हीचा हिशेब करू. ८,४०० रुपयांचं मशीन, सात वर्षं, वर्षाला १,२००. कार्ट्रिज, दिवा आणि सर्व्हिस मिळून १,८००. वर्षाचे तीन हजार. लिटरला ८२ पैसे, आरओच्या निम्म्याने. दोघांच्या घरातही तो दोन रुपये पाच पैशांच्या पुढे जात नाही. पाणी उकळून प्यायचं म्हटलं आणि सिलिंडर ८५० रुपयांचा धरला, तरी पाऊण रुपयाचा गॅस लिटरला जातो. यूव्ही जवळपास त्याच भावात उभा आहे, आणि गार होण्याची वाट पाहावी लागत नाही.

मग धरणाच्या पाण्यावर आरओ विकला कसा जातो? एका प्रयोगाने. विक्रेता दोन ग्लास मांडतो, एक नळाचा, एक आरओचा. दोन्हींत लोखंडी कांड्या असलेलं यंत्र सोडतो आणि वीज लावतो. नळाचं पाणी मिनिटात तपकिरी-हिरवं, वर साका. आरओचं जसंच्या तसं. घरातली मंडळी हादरतात. त्या ग्लासात जो साका दिसतो तो लोखंडाचा असतो. पाण्यात क्षार असले, की त्यातून वीज वाहते, कांडी गंजते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार फारसे नाहीत, म्हणून वीज फारशी वाहत नाही, म्हणून कांडी फारशी गंजत नाही. नळाच्या पाण्यात तो रंग आधी नव्हता. त्या यंत्राने तो घातला. असा प्रयोग कुणी तुमच्या ओट्यावर मांडला, तर आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि परत लावायला सांगा. तोही ग्लास तपकिरी होईल. फसवणूक उघडी पाडायला एवढंच मीठ पुरतं.

मात्र बोअरच्या पाण्यावर हा हिशेब लावू नका. मराठवाड्यात बोअरचं पाणी जड असतं, भांड्यावर पांढरा थर धरतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत भूजलात फ्लोराइड आहे. ते यूव्हीने जात नाही आणि उकळून तर पाणी आटून आणखी दाट होतं. तिथे आरओ हवा. आणि लक्षात ठेवा, फ्लोराइड टीडीएस मीटरवर कळत नाही. त्यासाठी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेतच द्यावा लागतो.

ज्यांच्याकडे आरओ आहे आणि हवाच आहे, त्यांनी पैसे वाचवायचे ते फिल्टर लांबवून नव्हे, मेम्ब्रेन जगवून. मेम्ब्रेन वर्षात गेली, तर लिटरला ६६ पैसे एकट्या तिचेच. तीन वर्षं टिकली, तर २२. मधल्या ४४ पैशांचा निकाल बाहेरच्या डब्यातली शंभर-दीडशे रुपयांची स्पन कँडल लावते. ती तपकिरी झाली, की बदला. ती चुकली, तर गाळ आत जातो आणि मेम्ब्रेन चोंदते; टाकी भरायला दुप्पट वेळ लागायला लागतो. कार्बन संपलं, तर क्लोरिन आत जातो आणि मेम्ब्रेनचा पापुद्राच जाळतो. कार्बन संपलं की नाही हे बघायला गावातल्या जलसुरक्षकाकडे असते ती ओटीची बाटली चालते. आधी नळाच्या पाण्यात थेंब टाका. पिवळं झालं, तर त्यात क्लोरिन आहे. मग कार्बनमधून आलेल्या पाण्यात टाका. तेही पिवळं झालं, तर कार्ट्रिजचा दिवस भरला. पाहून झालं, की ते पाणी ओतून द्या, प्यायचं नाही.

मेम्ब्रेन कधी बदलायची हे सर्व्हिसवाल्याने सांगू नये, आकड्याने सांगावं. टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयांना मिळतो. मशीन बसवलं त्या दिवशी आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचे आकडे मशीनच्या बाजूला लिहून ठेवा. आत ९०० आणि बाहेर ७० असेल, तर मेम्ब्रेन उत्तम. काही महिन्यांनी आत ९०० असताना बाहेर दोनशेच्या वर जायला लागलं, तर ती संपत आली. फक्त एक काळजी घ्या. बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी थोडं पाणी मेम्ब्रेनला वळसा घालून मिसळणारी चावी असते. ती कुणी उघडली, की चांगली मेम्ब्रेन खराब दिसते. आवळली, की खराब मेम्ब्रेन चांगली दिसते. म्हणून मोजताना ती चावी तुमच्यासमोर पूर्ण बंद करून घ्या. दुरुस्तीच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा.

यूव्हीचा दिवा मात्र डोळ्यांना फसवतो. वर्षभरानंतर तो निळा दिसत राहतो, पण जंतू मारण्याची ताकद उतरलेली असते. तो जळतोय म्हणून ठेवू नका. तारीख लिहा आणि वर्षाला बदला. इथे वाचवलेले पैसे डॉक्टरकडे जातात.

शेवटचा खर्च कुठल्याच बिलात येत नाही. आरओ एक लिटर चांगलं पाणी देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडतो. महापालिकेच्या पाण्याच्या दरात हा खर्च जाणवतही नाही. पण ज्या सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर जगतात, त्यांनी बघावं. दहा हजार लिटरचा टँकर दोन हजारांना आला, तर लिटर वीस पैशांचा. तीन लिटर वाया म्हणजे साठ पैसे. १ रुपया ७० पैशांचं पाणी २ रुपये ३० पैशांचं झालं, आणि चाळीसच्या जारच्या वर गेलं. ती नळी बादलीत सोडा. फरशी पुसायला, संडासात टाकायला ते पाणी चालतं. बादलीत पडलं तेवढे पैसे परत आले.

दुकानात गेलात, की सूट विचारू नका. आधी एवढंच सांगा, की या मॉडेलचं सेडिमेंट, कार्बन, मेम्ब्रेन आणि दिवा, चारींचे आजचे भाव आणि बदलण्याची मुदत बिलाच्या मागे लिहून द्या. एएमसीत मेम्ब्रेन धरली आहे की नाही, तेही लिहा. मग घरी या आणि वर्षाच्या बेरजेला तुमच्या घरच्या लिटरने भागा. दोन रुपयांच्या आत आलं, तर घ्या. चारच्या वर गेलं, तर तुमच्या घराला ते मशीन मोठं आहे. आणि लिहून द्यायला विक्रेता तयार नसेल, तर त्याची कमाई कुठे आहे हे त्याने सांगितलंच. त्या दुकानाची पायरी उतरा.